वळण संपल्यावर नाक वर का दिसतं? ॲटिट्यूड इंडिकेटर, टर्न कोऑर्डिनेटर आणि प्रिसेशन

प्रश्न: सेसना १७२ वर इन्स्ट्रुमेंट फ्लाइंग शिकतोय, जुन्या घड्याळी डायलचं पॅनेल आहे. बाहेरचं दिसू नये म्हणून हूड लावून १८० अंशांचं वळण घेतलं आणि सरळ झालो की ॲटिट्यूड इंडिकेटर दोन-तीन अंश नाक वर दाखवतो. मी ते खाली आणतो तर उंची शे-दीडशे फुटांनी जाते. सर म्हणतात, ‘प्रिसेशन आहे, चालायचंच.’ मग टर्न कोऑर्डिनेटरला असं का होत नाही? तोही जायरोच ना? आणि यंत्र खरंच बिघडलंय हे कसं ओळखायचं?

उत्तर:

तुमचे सर बरोबर सांगताहेत, फक्त ‘प्रिसेशन’ या एका शब्दात तीन वेगवेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात आणि त्यामुळे घोळ होतो. जायरोचा, म्हणजे जोरात फिरणाऱ्या चाकाचा, मूळ गुणधर्म म्हणजे प्रिसेशन. यंत्राला सरळ ठेवण्यासाठी मुद्दाम लावलेला धक्का म्हणजेही प्रिसेशन. आणि बेअरिंग खराब झाल्यावर यंत्र भरकटतं, त्यालाही पायलट प्रिसेशनच म्हणतात. तुम्हाला वळणानंतर जी चूक दिसते ती दुसऱ्या प्रकारातली आहे. निरोगी यंत्रातही ती असतेच, आणि किती यावी याचा हिशेब करता येतो. तो हिशेब एकदा समजला की बिघाड वेगळा काढणं सोपं जातं.

सुरुवात भोवऱ्यापासून करू. जोरात फिरणारा भोवरा कलला तरी पडत नाही, कललेल्या अवस्थेत गोल गोल घुमत राहतो. त्याचं वजन त्याला खाली ओढतंय, पण तो खाली जाण्याऐवजी आडवा सरकतो. फिरत्या वस्तूवर तुम्ही जिथे जोर लावता तिथे परिणाम दिसत नाही. तो फिरण्याच्या दिशेने ९० अंश पुढे दिसतो. हेच प्रिसेशन. (खगोलात याला परांचन म्हणतात, पृथ्वीचा आस सुमारे २६,००० वर्षांत एक फेरी घेतो तो याच नियमाने.) सरकण्याचा वेग किती, ते एका ओळीत मावतं:

```
Ω = τ / (I × ω)
```

`τ` म्हणजे बाहेरून लागलेला पीळ, `I` म्हणजे रोटरचं जडत्व, `ω` म्हणजे त्याचा फिरण्याचा वेग आणि `Ω` म्हणजे आस सरकण्याचा वेग. यातलं एकच लक्षात ठेवा: रोटरचा वेग निम्मा झाला तर तेवढ्याच पिळाने आस दुप्पट वेगाने सरकतो. पुढचे बहुतेक बिघाड या एका वाक्यातून निघतात.

आता ॲटिट्यूड इंडिकेटर. त्याच्या आत रोटर उभ्या आसावर फिरतो, व्हॅक्यूमवर चालणाऱ्या यंत्रात मिनिटाला साधारण १५,००० फेरे. इंजिनवरचा व्हॅक्यूम पंप केसमधली हवा ओढून घेतो. तिची जागा घ्यायला केबिनमधली हवा फिल्टरमधून आत येते आणि रोटरच्या कडेला कोरलेल्या खाचांवर आदळते, पाणचक्कीसारखी. रोटरचं घर दोन गिंबलांमध्ये, म्हणजे मोकळ्या फिरणाऱ्या कड्यांमध्ये, टांगलेलं असतं. विमान त्याच्याभोवती हवं तसं कलतं आणि रोटर आपला उभाच राहतो. डायलवर क्षितिज हलताना दिसतं, पण खरं म्हणजे क्षितिज जागेवर असतं आणि तुम्ही हलत असता.

इथपर्यंत सगळं छान वाटतं. अडचण अशी की जायरोला ‘वर’ कुठे आहे हे मुळात ठाऊकच नसतं. तो अवकाशातली एक दिशा धरून ठेवतो, एवढंच. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. बारामतीच्या अक्षांशावर, म्हणजे सुमारे १८ अंशांवर, अगदी बिनघर्षणाचा जायरो नुसता चालू ठेवला तर तासाभरात तो जमिनीच्या हिशेबाने १४ अंशांनी कललेला दिसेल. त्यात बेअरिंगचं घर्षण आणि रोटरचा किंचितसा असमतोल मिळवा. म्हणून त्याला सतत कोणीतरी ‘वर इकडे आहे’ असं सांगत राहावं लागतं. हे काम इरेक्शन मेकॅनिझम करतं, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर नेमकं तिथे आहे.

रोटरच्या घराच्या तळाशी चार झरोके असतात, चार दिशांना. रोटर फिरवून झालेली हवा यांतून बाहेर पडते. प्रत्येक झरोक्यावर एक छोटी पातळ झडप लोंबत असते, लंबकासारखी. घर सरळ उभं असताना प्रत्येक झडप आपला झरोका अर्धा झाकते, चारही बाजूंनी सारखी हवा निघते आणि कुठेच जोर पडत नाही. समजा घर उजवीकडे कललं. झडपा गुरुत्वाकर्षणाने सरळच लोंबतात, त्यामुळे पुढच्या-मागच्या जोडीतला एक झरोका पूर्ण उघडतो आणि समोरचा मिटतो. उघड्या झरोक्यातून हवेचा झोत निघतो आणि त्याची प्रतिक्रिया घराला पुढे किंवा मागे ढकलते. तुम्ही म्हणाल, कल तर डावा-उजवा आहे, मग धक्का पुढे-मागे कशाला? कारण परिणाम ९० अंश पुढे होणार आहे. पुढे-मागे दिलेला धक्का डाव्या-उजव्या सरकण्यात बदलतो आणि रोटर हळूच उभा होतो. यंत्र उघडून पाहिलं तर या झडपा इतक्या हलक्या असतात की फुंकरीने हलतील. त्यांच्यावर धूळ किंवा सिगारेटच्या धुराचा चिकटा बसला की काय होईल हे वेगळं सांगायला नको.

हा दुरुस्तीचा वेग मुद्दाम कमी ठेवलेला असतो, मिनिटाला काही अंश. हिशेबासाठी आपण ५ अंश धरू. वेगवेगळ्या यंत्रांत तो याहून कमी-जास्त असतो.

वेग कमी का? कारण झडपांना खरं गुरुत्वाकर्षण आणि वळणातला जोर यांतला फरक कळत नाही. समतोल वळणात तुम्हाला सीटमध्ये सरळ खाली दाबल्यासारखं वाटतं ना, तसंच झडपांनाही वाटतं. त्यांच्या मते ‘खाली’ म्हणजे विमानाच्या फ्लोअरकडे. त्या इमानाने रोटरला या खोट्या उभ्या रेषेकडे ओढू लागतात, म्हणजे रोटरचं डोकं वळणाच्या केंद्राकडे झुकू लागतं. दुरुस्ती वेगवान असती तर वळणाच्या मध्यावरच यंत्राने ‘पंख सरळ आहेत’ असं दाखवलं असतं. हळू ठेवल्यामुळे ही चूक दोन-तीन अंशांत आवरते.

तुमचंच वळण घेऊ. उत्तरेला तोंड, ९० नॉट, डावीकडे स्टँडर्ड रेटने, म्हणजे सेकंदाला ३ अंश. बँक, म्हणजे पंखांचा कल, साधारण १४ अंश आणि १८० अंशांना एक मिनिट. सुरुवातीला वळणाचं केंद्र पश्चिमेला आहे, म्हणून रोटरचं डोकं पश्चिमेकडे सरकू लागतं. अर्ध्या मिनिटाने तुमचं नाक पश्चिमेला आलं, केंद्र दक्षिणेला गेलं, आता डोकं दक्षिणेकडे सरकतंय. मिनिटाच्या शेवटी नाक दक्षिणेला, केंद्र पूर्वेला. पहिल्या अर्ध्यात पश्चिमेकडे जेवढं सरकलं तेवढं दुसऱ्या अर्ध्यात पूर्वेकडे परत आलं, म्हणून ते कटलं. दक्षिणेकडचं मात्र पूर्ण मिनिटभर साठत गेलं. बेरीज केली की ५ अंशांच्या दोन-तृतीयांशाला किंचित कमी, म्हणजे ३.२ अंश येते.

आता तुम्ही दक्षिणेला तोंड करून सरळ झालात आणि रोटरचं डोकं ३.२ अंश दक्षिणेकडे, म्हणजे तुमच्या पुढच्या बाजूला, झुकलेलं आहे. त्याच्या दृष्टीने क्षितिज समोर खाली गेलं. डायलवर विमान क्षितिजाच्या वर दिसतं: नाक ३ अंश वर. तुम्ही लिहिलंय ते हेच.

उंची जाण्याचाही हिशेब लागतो. ९० नॉटला मार्ग ३ अंश खाली गेला तर उंची मिनिटाला पावणेपाचशे फुटांच्या आसपास घसरते. पण सरळ झाल्यावर झडपांना पुन्हा खरं ‘खाली’ सापडतं आणि ही ३.२ अंशांची चूक ५ अंश प्रति मिनिट या वेगाने ३८-४० सेकंदांत पुसली जाते. म्हणजे चूक ३ वरून शून्यावर येत असताना तुम्ही तिच्यामागे गेलात तर सरासरी निम्म्या दराने, एकूण दीडशे फूट. तुमचे ‘शे-दीडशे’ फूट इथून आले. यंत्र ठणठणीत आहे.

वळण ९० अंशांवर थांबवलंत तर चित्र थोडं वेगळं दिसेल: दीड अंशाचं खोटं चढणं आणि दीड अंशाची खोटी बँक, वळणाच्या उलट बाजूला. २७० अंशांवर थांबलात तर पुन्हा दीड अंश चढणं, पण बँक वळणाच्याच बाजूला. पूर्ण ३६० केलंत तर सगळी बेरीज शून्य. हे करून बघण्यासारखं आहे: शांत हवेत, चांगल्या उंचीवर, बाहेरचं क्षितिज दिसत असताना, शेजारी इन्स्ट्रक्टर असताना. एकदा १८० आणि एकदा ३६० घ्या आणि दोन्हींच्या शेवटी ॲटिट्यूड इंडिकेटर काय दाखवतो ते लिहून ठेवा. हीच तुमच्या त्या विमानाची ओळख.

वेग वाढवतानाही असंच होतं. टेक-ऑफच्या धावेत झडपा मागे राहतात आणि यंत्र जरासं जास्त चढणं दाखवतं. २० सेकंदांत दीड अंशाच्या आसपास. वेग कमी करताना उलट, जरासं उतरणं. दिवसा हे कोणाच्या लक्षातही येत नाही. रात्री, समोर दिवे नसलेल्या दिशेला उडताना, तोच दीड अंश खाली दाबायची इच्छा होते. तिथे चढण्याचा वेग आणि अल्टिमीटर वर जाताहेत ना, हे आधी बघा, मग क्षितिजाचा तो अंश.

एक चूक मात्र करू नका. वळणानंतर नाक वर दिसतंय म्हणून खालची नॉब फिरवून छोटं विमान क्षितिजावर आणून ठेवणं. ती नॉब जायरोला हात लावत नाही, फक्त काचेमागचं चित्र वर-खाली करते. मिनिटभराने जायरो सरळ होईल आणि तुमची केलेली ‘दुरुस्ती’ उलटी चूक बनून उरेल. नॉब एकदा लावायची ती जमिनीवर, आणि हवं तर स्थिर सरळ उड्डाणात दोन-तीन मिनिटं गेल्यावर.

आता टर्न कोऑर्डिनेटर. जायरो तोही आहे, पण त्याला काम अगदी वेगळं दिलेलं आहे. त्याचा रोटर आडव्या आसावर फिरतो, आस पंखाच्या दिशेने. गिंबल एकच आणि त्याला स्प्रिंग बांधलेली. विमान नाक फिरवू लागलं की रोटरवर पीळ येतो, प्रिसेशनने गिंबल बाजूला झुकतो, स्प्रिंग त्याला मागे ओढते. जिथे दोघांचं जमतं तिथे गिंबल थांबतो. वळण जितकं वेगवान तितका झुकाव जास्त. वळण थांबलं की स्प्रिंग त्याला मध्यावर परत आणते.

म्हणजे ॲटिट्यूड इंडिकेटर दिशा आठवून ठेवतो आणि टर्न कोऑर्डिनेटर काहीच आठवत नाही. तो फक्त ‘या क्षणी किती वेगाने फिरतोय’ एवढंच सांगतो. चूक साठायला आठवण लागते. ज्याला आठवण नाही त्याच्यात चूक साठत नाही, म्हणून तो भरकटत नाही. त्यात झडपाही नाहीत, त्यामुळे वळणात खोटं ‘खाली’ दाखवून त्याला फसवणारं कोणी नाही. प्रिसेशन ॲटिट्यूड इंडिकेटरमध्ये दुरुस्तीचं साधन आहे आणि टर्न कोऑर्डिनेटरमध्ये मोजमापाचं.

या गिंबलचा आस समोरून सुमारे ३० अंश वर उचललेला असतो. त्यामुळे तो नाकाच्या फिरण्याबरोबर पंखाच्या गडगडण्यालाही थोडा प्रतिसाद देतो. वळणात शिरताना पंख कलू लागताच डायलवरचं छोटं विमान लगेच कलतं, कारण तेव्हा ते तुमच्या रोलचा वेग दाखवतंय. बँक स्थिर झाली की ते वळणाच्या वेगावर स्थिरावतं. त्याचं कलणं म्हणजे बँकेचा कोन नव्हे. डायलवर ‘नो पिच इन्फर्मेशन’ असं स्पष्ट छापलेलं असतं, तरी शिकताना बरेच जण त्याला छोटा ॲटिट्यूड इंडिकेटर समजून उडवतात. खालची गोळी तर जायरोशी संबंधितच नाही. ती वाकड्या काचेच्या नळीत द्रवात बुडालेली साधी गोळी आहे आणि रोटर बंद पडला तरी आपलं काम करत राहते.

मग टर्न कोऑर्डिनेटर चुकतो कसा? प्रमाणात चुकतो. रोटर बहुधा विजेवर चालतो. व्होल्टेज कमी पडलं किंवा बेअरिंग जड झाली की वेग घटतो, तेवढ्याच वळणाला गिंबल कमी झुकतो. समजा रोटर ८० टक्के वेगाने फिरतोय. तुम्ही छोट्या विमानाचा पंख स्टँडर्ड रेटच्या खुणेवर नेऊन ठेवलात, तेव्हा प्रत्यक्षात सेकंदाला ३ ऐवजी पावणेचार अंश फिरताय. पूर्ण चक्कर १२० ऐवजी ९६ सेकंदांत संपेल. म्हणून याची तपासणी घड्याळानेच करायची. पंख खुणेवर स्थिर ठेवा, आकाश शांत असताना, गोळी मध्यात. दर १० सेकंदांनी हेडिंग लिहा. प्रत्येक वेळी ३० अंश जायला हवेत. सतत ३५ किंवा सतत २६ जात असतील तर तो आकडा लिहून ठेवा आणि डाव्या-उजव्या दोन्ही वळणांत बघा. दोन्हीकडे सारखी चूक आली तर वेग किंवा स्प्रिंग. एकीकडे जास्त, दुसरीकडे कमी आली तर मध्यबिंदूच सरकलाय, किंवा यंत्र पॅनेलमध्ये वाकडं बसवलंय. लाल फ्लॅगवर विसंबून राहू नका. बऱ्याच यंत्रांत तो वीज येतेय की नाही एवढंच सांगतो, रोटर पुरेसा फिरतोय की नाही हे सांगत नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. खरा बिघाड कसा ओळखायचा.

सगळ्यात आधी काळ बघा. वळणाची चूक मिनिटाभरात, फार तर दोन मिनिटांत पुसली जाते. सरळ स्थिर उड्डाणात तीन मिनिटं झाली तरी दोन अंशांची बँक दिसतेच आहे, किंवा पुसली जाण्याऐवजी वाढते आहे, तर ती वळणाची चूक नाही. तिथे कोणीतरी सतत पीळ लावतंय किंवा रोटरचा वेग पडलाय.

मग सोबती बघा. सेसनात ॲटिट्यूड इंडिकेटर आणि हेडिंग इंडिकेटर एकाच व्हॅक्यूमवर चालतात. दोन्ही एकाच उड्डाणात बिघडले तर दोष पंप, रेग्युलेटर, नळी किंवा फिल्टरमध्ये शोधा. एकटा ॲटिट्यूड इंडिकेटर बिघडला आणि हेडिंग इंडिकेटर नेहमीसारखा १५ मिनिटांनी तीनेक अंशच सरकतोय, तर दोष यंत्राच्या पोटात आहे.

सक्शन गेज बघा, पण रन-अपच्या आरपीएमला. आयडलला पंप हळू फिरतो आणि काटा खाली दिसतो, त्याने घाबरू नका. १,८०० आरपीएमला साधारण ४.५ ते ५.५ इंच पारा हवा. इथे एक फसवं ठिकाण आहे. केबिनमधला मुख्य हवा फिल्टर धुळीने चोंदला तर गेज कुठे जोडलाय त्यावर काटा अगदी हिरव्यात राहू शकतो, कारण पंप ओढतोयच. फक्त रोटरवर आदळणारी हवा कमी झालेली असते. काटा ठीक, तरी दोन्ही जायरो आळशी, असं दिसलं की आधी फिल्टर काढून उजेडात धरा. उन्हाळ्यात धुळीच्या धावपट्टीवर दिवसाला सहा-सात सॉर्टी करणाऱ्या विमानात तो नेहमीच्या मुदतीच्या आधी काळा पडतो.

जमिनीवरच्या तीन तपासण्या रोजच्या करा. इंजिन सुरू झाल्यापासून पाच मिनिटांत क्षितिज सरळ उभं राहून स्थिर व्हायला हवं. पाच मिनिटांनंतरही थरथरत किंवा तिरकं असेल तर त्या यंत्रावर ढगात जायचं नाही. टॅक्सी करताना वळलात तर ॲटिट्यूड इंडिकेटरने ५ अंशांपेक्षा जास्त कलू नये. त्याच वळणात, डावीकडे वळताना, टर्न कोऑर्डिनेटरचं विमान डावीकडे आणि गोळी उजवीकडे जायला हवी. तिसरी तपासणी इंजिन बंद केल्यावर. हेडसेट काढा आणि कान पॅनेलजवळ न्या. निरोगी रोटर बराच वेळ मंद, गुळगुळीत शीळ घालत थांबतो. गुरगुर, खरखर किंवा पटकन थांबणं म्हणजे बेअरिंग गेली. मिनिटाला १५,००० फेरे म्हणजे तासाला ९ लाख. हजार तासांत ९० कोटी. एवढ्या फेऱ्यांनंतर छोटासा खड्डासुद्धा रोज थोडा पीळ लावत राहतो. जे यंत्र महिन्याभरापूर्वी अमुक वेळ शीळ घालायचं ते आज निम्म्या वेळात थांबत असेल, तर हवेत चूक दिसण्याच्या कितीतरी आधी तुम्हाला खबर मिळालेली आहे.

व्हॅक्यूम पंप हवेत गेला तर काय होतं, हे नीट समजून घ्या. कोरड्या पंपातली कार्बनची पाती बहुधा अचानक तुटतात. पण जायरो अचानक थांबत नाही. वेग हळूहळू उतरत जातो, आणि वरच्या सूत्रानुसार तेवढ्याच घर्षणाने तो अधिकाधिक भरकटतो. पहिली काही मिनिटं क्षितिज इतकं हळू कलतं की हात आपोआप त्याच्यामागे जातो. तुम्ही ‘पंख सरळ’ ठेवता आणि विमान प्रत्यक्षात वळणात शिरतं. १७२ च्या नंतरच्या आर आणि एस मॉडेलांत सक्शन ३ इंचांच्या खाली गेलं की दिवा लागतो. जुन्या १७२ मध्ये सक्शन गेजखेरीज ओळखायची मुख्य खूण ही: ॲटिट्यूड इंडिकेटर एक सांगतोय आणि टर्न कोऑर्डिनेटर दुसरंच. अशा वेळी वेगळ्या ऊर्जेवर चालणाऱ्याला साक्षीदार माना. व्हॅक्यूमवाल्याच्या विरोधात वीजवाला आणि होकायंत्र एका बाजूला असतील तर व्हॅक्यूमवाला खोटा. ओळखलं की त्याच्यावर कागद किंवा रबरी झाकण लावा. डोळ्यासमोर मोठं चुकीचं क्षितिज असताना त्याच्याकडे दुर्लक्ष करणं अनुभवी माणसालाही जमत नाही.

१ जानेवारी १९७८ च्या रात्री मुंबईहून दुबईला निघालेलं एअर इंडियाचं ‘एम्परर अशोक’ हे बोइंग ७४७ वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं आणि २१३ जण गेले. टेक-ऑफनंतर उजवं वळण घेऊन विमान सरळ झालं, तरी कॅप्टनच्या बाजूचं यंत्र उजवी बँकच दाखवत राहिलं. समोर काळा समुद्र, बाहेर क्षितिज नाही. त्या खोट्या उजव्या बँकेला उत्तर म्हणून विमान डावीकडे कलवत नेलं गेलं. पॅनेलवर स्टँडबाय यंत्रही होतं. जेटमधली यंत्रणा तुमच्या व्हॅक्यूम जायरोपेक्षा पुष्कळ वेगळी असते, पण दोन यंत्रांचं जुळत नसेल तर तिसऱ्याला विचारायचं, हा क्रम तोच आहे.

जुन्या यंत्रांच्या मर्यादेबद्दल थोडं. बँक १००-११० अंशांच्या किंवा पिच ६०-७० अंशांच्या पलीकडे गेली की गिंबल अडणीवर आदळतो. आदळणं म्हणजे जबरदस्त पीळ, आणि रोटर कोलांट्या खाऊ लागतो. त्यानंतर झडपांना त्याला उभं करायला बरीच मिनिटं लागतात. स्पिन शिकवणाऱ्या विमानातली यंत्रं लवकर खराब होतात ती यामुळे. केजिंग नॉब असेल तर स्पिनच्या आधी जायरो बांधून ठेवा आणि विमान खरोखर सरळ-सपाट असतानाच सोडा. दहा अंशांच्या बँकेत सोडलात तर तो त्या दहा अंशांनाच ‘सरळ’ मानून सुरू होईल.

बिघाड सापडला तर टेक लॉगमध्ये ‘ॲटिट्यूड इंडिकेटर प्रिसेस होतो’ एवढंच लिहू नका. त्यावरून इंजिनियरला काहीच समजत नाही. असं लिहा: ‘१,८०० आरपीएमला सक्शन ५.०. सरळ उड्डाणात ९० नॉटला चार मिनिटं उजवी बँक ३ अंश, कमी होत नाही. हेडिंग इंडिकेटर १५ मिनिटांत ३ अंश. बंद केल्यावर खरखर.’ एवढ्यावर तो पंप आणि फिल्टरची खोलाखोल टाळून थेट यंत्र काढेल. यंत्र काढताना इंजिन बंद केल्यावर वीस मिनिटं थांबायला सांगा, कारण आतला रोटर अजून फिरत असतो. फिरत्या रोटरला हातात तिरकं केलं की गिंबल आपटतो. काढलेलं यंत्र फोममध्ये, डायल वर करून डीजीसीए मान्यताप्राप्त शॉपला पाठवा. टेबलावर वीतभर उंचीवरून ठोकून ठेवलं तरी बेअरिंगच्या वाटीवर गोळ्यांचे ठसे उमटतात आणि दुरुस्त होऊन आलेलं यंत्र पहिल्याच आठवड्यात पुन्हा कलू लागतं.